व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प आणि शेवटचं पुष्प: वक्त्यांचा परिचय वेगळा कसा करायचा?

हेमांगी_क
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची व्याख्यानमाला जानेवारीत आहे. पाच दिवस, रोज संध्याकाळी सातला, शाळेच्या पटांगणात. यंदा पाचही दिवस एकच विषय, पाणी. सोमवारी भूजलाच्या अभ्यासक बाई, मंगळवारी ओव्यांमधलं पाणी, बुधवारी पाण्याचे कायदे, गुरुवारी ऊस आणि पाणी, आणि शुक्रवारी एक सरपंच. त्यांचं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं.

पहिल्या आणि शेवटच्या वक्त्यांचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. दोन्ही लिहून काढले तर नावं सोडून सगळं सारखंच झालं. जन्मगाव, शिक्षण, पदं, पुरस्कार आणि शेवटी "अशा बहुआयामी व्यक्तिमत्त्वाचे विचार ऐकण्यासाठी आपण सारे उत्सुक आहोत." हे बदलायला हवं एवढं कळतंय. पण बदलायचं नेमकं काय? आवाजातला जोर, की आतले संदर्भ?

बापू_वाईकर
हेमांगीताई, मी बरीच वर्षं निवेदन करतो. साधा नियम सांगतो, आलेख चढता ठेवा. पहिल्या दिवशी दमदार सुरुवात, कारण लोकांना उद्या परत आणायचं असतं. मग रोज थोडं वर, आणि शेवटच्या दिवशी कळस. "चार दिवस आपण ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला" असं म्हणा, टाळ्या पडतातच. संदर्भ मात्र शेवटच्या दिवशी भरपूर घ्या, चारही वक्त्यांची एकेक ओळ. प्रेक्षकांना आपण रोज आलो होतो याचा आनंद होतो.

शाईपेन
आमच्याकडे एका संध्याकाळी तीन वक्ते असतात. पहिल्याला दहा मिनिटं, शेवटच्याला वीस. शेवटच्याचा परिचय होईपर्यंत साडेनऊ वाजतात आणि लोक उठायला लागतात. मी तिघांचाही परिचय सुरुवातीलाच करून टाकते. चालेल ना?

हेमांगी_क
शाईपेन, माझा प्रश्न पाच वेगवेगळ्या दिवसांबद्दल आहे. पण तुमची अडचणही खरी आहे, कुणीतरी सांगेलच.

कृष्णाकाठ
शाईपेन, तिघांचा परिचय एकदम केला तर तिसऱ्या वक्त्याची पाळी येईपर्यंत त्यांच्याबद्दल काय सांगितलं होतं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. सुरुवातीला फक्त नावं आणि विषय सांगा. परिचय ज्याचा त्याच्या आधी, चार-पाच वाक्यांत.

आता हेमांगीताईंच्या प्रश्नाकडे. आधी वही घेऊन पहिल्या दिवसाचा क्रम लिहा. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, अध्यक्षांचे दोन शब्द. तुम्ही माईकसमोर याल तेव्हा लोकांना बसून अर्धा-पाऊण तास झालेला असतो. म्हणजे पहिल्या दिवशी श्रोते ताजे असतात हा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते विधींनी थकलेले असतात आणि प्रत्येक बोलणाऱ्याने आवाज चढवलेला असतो. त्यावर तुम्हीही चढवलात तर तुमचा परिचय आणखी एक विधी होतो. दोन सेकंद थांबा आणि आधीच्या माणसापेक्षा खालच्या पट्टीत पहिलं वाक्य बोला. लोक बोलणं बंद करतात, कारण काहीतरी बदललं हे त्यांना कळतं. पटांगणात कर्ण्याचा आवाज समोरच्या इमारतीवरून परत येतो, म्हणून वाक्यं छोटी ठेवा आणि मध्ये श्वास घ्या. वेग परिचयाच्या शेवटाकडे वाढवा, सुरुवातीला नको.

संदर्भांचं उलट आहे. पहिल्या दिवशी तुमच्यात आणि श्रोत्यांमध्ये सामाईक काहीच घडलेलं नसतं. मालेत आधी काही झालं नाही, तेव्हा संदर्भ बाहेरून आणावा लागतो, आणि तो वक्त्याच्या बायोडाटातून आणण्यापेक्षा श्रोत्यांच्या अंगणातून आणावा. भूजलाचा विषय आहे तर गावातली विहीर, बोअर, टँकर. वक्त्यांची पदवी त्यानंतर, आणि तीही एकच, जी त्या विहिरीशी जोडता येते.

शेवटच्या दिवशी चार दिवसांचं सामाईक भांडवल तुमच्या हातात असतं, म्हणून जोर कमी लागतो. तिथे बापूंशी माझा मतभेद आहे. "कळस" आणि "ज्या क्षणाची वाट पाहिली" ही वाक्यं आधीच्या चार वक्त्यांना पायऱ्या करून टाकतात. त्यातले एखादे पहिल्या रांगेत बसलेले असतात. आणि शेवटच्या वक्त्याला ते ओझं होतं. मी एका ज्येष्ठ वक्त्यांना असा परिचय झाल्यावर पहिली पाच मिनिटं केवळ तो नाकारण्यात घालवताना पाहिलं आहे. भाषण असं सुरू झालं की परिचय जास्त झाला असं समजावं.

बापू_वाईकर
कळसाचं मान्य. तरी चढत्या आलेखावर मी ठाम आहे. शेवटच्या दिवशी गर्दी सगळ्यात जास्त असते. थंड आवाजात सुरुवात केली तर मागच्या खुर्च्यांपर्यंत काहीच पोचत नाही.

कृष्णाकाठ
गर्दी जास्त असते हे बरोबर, आणि म्हणूनच चार वक्त्यांची एकेक ओळ घेऊ नका असं म्हणतो. शेवटच्या दिवशी आलेल्यांपैकी कितीतरी जण त्या दिवशीच पहिल्यांदा येतात. बक्षीस समारंभाला आलेले पालक, पाहुणे, वक्त्यांचं नाव ऐकून शेजारच्या गावातून आलेले लोक. तुम्ही "मंगळवारच्या त्या ओवीची आठवण येते" म्हणालात की पुढच्या तीन रांगा हसतात आणि मागचे एकमेकांकडे बघतात. हसू फक्त पुढून आलं तर संदर्भ फसला हे त्याच क्षणी ओळखता येतं.

एकच संदर्भ घ्या, फार तर दोन. आणि तो असा सांगा की जो आलाच नव्हता त्यालाही वाक्यातच सगळं मिळेल. कोण बोललं हे महत्त्वाचं नाही, काय सांगितलं ते पूर्ण वाक्यात यायला हवं.

दूरदेशी
इथे न्यू जर्सीत आम्ही मराठी मंडळाची माला झूमवर चालवतो. आमचा अनुभव वेगळा आहे. भाषणं यूट्यूबवर जातात आणि लोक नंतर सुटी सुटी बघतात. शेवटचं भाषण पहिलं बघणारे खूप. त्यामुळे "सोमवारी आपण ऐकलं" हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये अडखळतं. आम्ही मागच्या भाषणांचे संदर्भ परिचयातून काढूनच टाकले. परिचय सहा महिन्यांनी ऐकला तरी चालला पाहिजे असा आमचा नियम आहे.

निवेदिता७
दूरदेशी, मग समोर बसलेल्यांचं काय? जे पाचही दिवस थंडीत येऊन बसले त्यांच्याशी शेवटच्या दिवशी बोलताना काहीच आठवायचं नाही? मला ते कोरडं वाटतं. रेकॉर्डिंगवाले "सोमवारी" शब्दाने गोंधळणार नाहीत, वाक्य पूर्ण असेल तर.

दूरदेशी
निवेदिताताई, झूमवर "समोर बसलेले" म्हणजे बंद कॅमेरे. परत आलेलं कोण आणि नवीन कोण हे आम्हाला दिसतच नाही. म्हणून मी सावध असतो. पटांगणात वेगळं असेल हे मान्य.

अण्णा_गडहिंग्लज
माला किती लांब आहे त्यावर पण अवलंबून आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, ती उन्हाळ्यात महिनाभर चालते. तिथे शेवटच्या दिवशी पहिल्या दिवसाचं बोलणं लावलं तर कुणाला आठवणार? रोजचा विषय वेगळा, रोजचा श्रोता वेगळा. तिथे शेवटच्या वक्त्याचा परिचयही जवळजवळ पहिल्यासारखाच स्वतंत्र उभा करावा लागतो. पाच दिवस, एक विषय, एक पटांगण असेल तरच मागचं पुढे नेता येतं. हेमांगीताईंच्या मालेत ते जमेल.

आणि एक. शेवटच्या दिवशी आभार प्रदर्शन कुठे ठेवणार? नंतर ठेवलं तर लोक चपला शोधायला लागतात. म्हणून मंडळी ते भाषणाच्या आधी आणतात, देणगीदार, मंडपवाले, शाळा, पोलीस, वीज मंडळ. मग परिचय त्याखाली दबतो. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणजे वेळ कापली जाते ती वक्त्याची.

हेमांगी_क
अण्णा, आमच्याकडे नेमकं हेच होतं. गेल्या वर्षी आभारांची यादी आणि परिचय एकाच माणसाने, एकाच दमात वाचला. वक्त्यांचं नाव देणगीदारांच्या यादीत असल्यासारखं गेलं.

कृष्णाकाठ
आभार दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि ते सत्काराच्याही आधी उरकून घ्या. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, आणि मगच परिचय. परिचय आधी आणि सत्कार नंतर केला तर तुम्ही जमवलेलं लक्ष फोटोवाल्याकडे जातं. परिचयाच्या शेवटच्या शब्दानंतर वक्त्यांनी थेट माईककडे यायला हवं. हे दोन्ही दिवशी सारखंच.

नाव कुठे घ्यायचं ते मात्र वेगळं. पहिल्या दिवशी नाव शेवटी घ्या. बाई अभ्यासक आहेत, नाव सगळ्यांना माहीत नाही. आधी काम कळलं की नाव लक्षात राहतं, आणि नावावर टाळी पडली की त्यांना उठायची खूण मिळते. सरपंच लोकांना माहीत आहेत, गर्दी त्यांच्यासाठीच आली आहे. त्यांचं नाव लपवून ठेवलं तर लोकांना ते नाटकी वाटतं. पहिल्याच वाक्यात घ्या.

तुमचा पहिला मसुदा इथे टाका. शेवटचा आत्ता लिहूच नका. गुरुवारी रात्री लिहा.

हेमांगी_क
हा पहिल्या दिवसाचा, नाव गाळून:

"नमस्कार. आपल्या गावात एका विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं आणि तिच्या शेजारची बोअर फेब्रुवारीत कोरडी पडते. असं का होतं? कारण महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी सगळीकडे सारखं साठत नाही, वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये साठतं. आजच्या वक्त्यांनी भूशास्त्रात डॉक्टरेट केली आहे, त्यांचे अनेक शोधनिबंध प्रसिद्ध आहेत, त्यांना राज्यस्तरीय पुरस्कार मिळाला आहे. आपल्या तालुक्यातल्या विहिरींची पातळी त्यांनी वर्षानुवर्षं मोजली आहे. पुढचे पाच दिवस आपण पाणी या विषयावर विविध मान्यवरांचे विचार ऐकणार आहोत. मी विनंती करते…"

कृष्णाकाठ
सुरुवात फार चांगली आहे. पण चौथ्या आणि पाचव्या वाक्यात तुम्ही बाईंचं भाषण देऊन टाकलंत. "असं का होतं?" इथे प्रश्न पडला, तो तसाच पडू द्या. उत्तर त्यांचं आहे. "बेसाल्ट" हा शब्दही त्यांच्यासाठी ठेवा.

डॉक्टरेट, शोधनिबंध, पुरस्कार हे तिन्ही काढा. निमंत्रणपत्रिकेवर आहेत. "आपल्या तालुक्यातल्या विहिरींची पातळी मोजली" हे मात्र सोनं आहे, ते प्रश्नाला लागून यायला हवं. आणि मालेबद्दलचं वाक्य प्रास्ताविकात होऊन गेलेलं असेल. तिथे एवढंच म्हणा की पाच दिवसांची सुरुवात जमिनीखालून होते आहे. मग श्रोत्याला कळतं की उद्या काहीतरी वेगळं आहे आणि यायला हवं. बापूंना हवं असलेलं ते "परत आणणं" याच वाक्याने होतं.

मी असं करेन:

"आपल्या गावात एका विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. तिच्या शेजारची बोअर फेब्रुवारीत कोरडी पडते. असं का, हे आपण प्रत्येकाने कधी ना कधी विचारलं आहे. आजच्या वक्त्या हा प्रश्न घेऊन आपल्याच तालुक्यात विहिरीविहिरींवर फिरल्या. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दरवर्षी, पाण्याची पातळी मोजत. आपल्यापैकी काहींच्या विहिरीत त्यांची मोजपट्टी उतरली आहे. पाण्यावरच्या या पाच दिवसांची सुरुवात आपण जमिनीखालून करतो आहोत, त्यांच्यासोबत. डॉ. …"

मिनिटभराच्या आत संपतं. दीड मिनिट झालं तरी चालेल, तीन नको.

बापू_वाईकर
पुरस्कार काढले तर वक्त्यांना राग येतो हो. अनुभव आहे. एकदा एका पाहुण्यांनी भाषणात स्वतःच सगळे पुरस्कार सांगितले.

निवेदिता७
त्यासाठी आधी फोन करावा. "परिचयात तुमची कोणती एक गोष्ट आलीच पाहिजे?" असं विचारलं की लोक बहुतेक वेळा पुरस्कार सांगत नाहीत, काम सांगतात. सांगितलाच पुरस्कार, तर तो एक घ्यावा.

हेमांगी_क
(बुधवार, रात्री) दोन दिवसांनी परत आले. सोमवारचा परिचय वरच्यासारखाच केला. फोनही केला होता. बाई म्हणाल्या, पुरस्कार नको, पण त्यांच्यासोबत मोजणी करणाऱ्या गावातल्या तरुणांचा उल्लेख करा. केला. ते मागे उभे होते, लोक वळून बघायला लागले. बाईंनी भाषण त्याच विहिरीपासून सुरू केलं.

आज कायद्याच्या व्याख्यानात २००९ च्या भूजल अधिनियमाबद्दल ऐकल्यावर एका शेतकरी आजोबांनी विचारलं, "कायदा आहे ते कळलं. पण शेजाऱ्याला बोअर घेऊ नको म्हणून सांगायचं कुणी?" वक्ते प्रांजळपणे म्हणाले की याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. हे शुक्रवारी घ्यावं असं वाटतंय. सरपंचांच्या गावाने तेच तर केलं.

कृष्णाकाठ
नक्की घ्या. मात्र एक सांभाळा. "याचं उत्तर आज सरपंच देतील" असं म्हणू नका. त्यांना कदाचित ओढ्याच्या कामाबद्दल बोलायचं असेल, आणि तुम्ही हजार लोकांसमोर त्यांना गृहपाठ दिलात. उद्या सकाळी त्यांना फोन करा, आजोबांचा प्रश्न सांगा, परिचयात घेतला तर चालेल का विचारा. चारही व्याख्यानांचे दोन-दोन मुद्देही त्यांना कळवा. शेवटच्या वक्त्याला आधी काय झालं ते माहीत नसतं, आणि बऱ्याचदा तो पहिल्या दिवशी झालेलं सगळं पुन्हा सांगतो.

अण्णा_गडहिंग्लज
आजोबांना पण विचारा. सगळ्यांसमोर आपला प्रश्न घेतलेला आवडेल का त्यांना? शेजारी पण त्याच मांडवात बसलेला असणार.

हेमांगी_क
अण्णा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजोबा म्हणाले, प्रश्न घ्या, माझं नाव घेऊ नका. सरपंचांशीही बोलले. ते म्हणाले, याच प्रश्नावर बोलायचं होतं, तुम्ही काढून दिलात तर बरंच.

मसुदा:

"सरपंच … आज आपल्यासोबत आहेत. या आठवड्यात याच मांडवात एका शेतकऱ्याने विचारलं, कायदा आहे, पण शेजाऱ्याला बोअर घेऊ नको म्हणून सांगायचं कुणी? सोमवारी आपण ऐकलं होतं की आपल्या खडकात एका बोअरचा उपसा शेजारच्या विहिरीला लागू शकतो. म्हणजे प्रश्न शेजाऱ्याचाच आहे. सरपंचांच्या गावात पावसाळा संपला की ग्रामसभा बसते. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, ते सगळ्यांसमोर मांडतात, आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. त्या सभेत शेजारी शेजाऱ्याच्या समोर बसलेला असतो. सरपंच, या."

कृष्णाकाठ
काही बदलू नका. सोमवारचं वाक्य न आलेल्यालाही कळतं. "सरपंच, या" एवढाच शेवट शेवटच्या दिवशी पुरतो. आवाजही तेवढाच, बोलण्यातला. बापू, मागच्या खुर्च्यांसाठी माईकवाल्याला आवाज वाढवायला सांगू, बोलणारीला नको.

बापू_वाईकर
मसुदा उत्तम आहे, मनापासून सांगतो. तरीही मी असतो तर शेवटी एक चढ घेतला असता. शुक्रवारची गर्दी आहे.

दूरदेशी
"या आठवड्यात याच मांडवात" हे माझ्या रेकॉर्डिंगच्या कसोटीलाही उतरतं. हे वापरून बघतो. पण "सोमवारी" मी अजूनही काढलं असतं.

हेमांगी_क
(शनिवार) झालं. आभार सत्काराच्या आधी उरकले, त्यासाठी अध्यक्षांना दोनदा समजवावं लागलं. परिचय मसुद्याप्रमाणेच केला, चढ घेतला नाही. शेतकऱ्याच्या प्रश्नावर हसू मागून आलं, पुढच्या रांगा शांत होत्या. सरपंच उठले आणि पहिलं वाक्य बोलले, "शेजाऱ्याला मी सांगितलं नाही, त्याने मला सांगितलं." पावणेदहाला संपलं.

आता पुढच्या वर्षीचा प्रश्न. समितीचं म्हणणं आहे की पहिल्या आणि शेवटच्या दिवशी वेगवेगळ्या व्यक्तींनी परिचय करावा, नव्या मुलांना संधी मिळावी. मला वाटतं एकानेच करावा, कारण शेवटचा परिचय लिहायला पाचही दिवस तिथे बसावं लागतं. तुमचं काय मत?

निवेदिता७
पाचही दिवस बसणारी दोन मुलं शोधा. पहिला परिचय एकाने, शेवटचा दुसऱ्याने, आणि वही दोघांची एकच.

कृष्णाकाठ
मी एकाच व्यक्तीच्या बाजूने. सोमवारी ज्याच्या तोंडून विहिरीचा प्रश्न आला, त्याच्याच तोंडून शुक्रवारी सोमवारचा संदर्भ आला तर श्रोत्यांना तो धागा लगेच सापडतो. पण निवेदिताताईंची वही मात्र दोन्ही बाबतीत लागेलच.